भूगोलाचं पुस्तक आणि गोपीनाथ भोईरचा वायदा

गोपीनाथ भोईरचं घर ठाकुर्लीच्या खाडीकडच्या अंगाला होतं. बापाचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं. उन्हाळाभर पायाला खाऱ्या पाण्याच्या भेगा आणि पावसाळाभर भातशेतीचा चिखल. गोपीनाथ चौथी पास झाला तेव्हा बापानं त्याला कल्याणला पारनाक्याजवळच्या छापखान्यात नेऊन सोडलं. "याला वाचता येतं. कामाला ठेवा," एवढंच तो म्हणाला आणि परत फिरला.

पहिली दोन-अडीच वर्षं गोपीनाथनं एकच काम केलं. छापून झालेल्या पानांचे शिशाचे खिळे धुवायचे आणि एकेक अक्षर ओळखून परत आपापल्या खणात टाकायचं. क क-मध्ये, म म-मध्ये, काना कान्याच्या खणात. चुकीच्या खणात पडलेला खिळा पुढच्या कामात नको तिथे उगवायचा आणि मग वहिनीची बहिनी व्हायची. त्या खणांपाशी उभं राहून त्याचे हात आणि डोळे तयार झाले. पुढे तो खिळे जुळवायला बसला, चांगला कंपोझिटर झाला, आणि देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या सालात दगडूमिस्त्री काम सोडून गावी गेले तेव्हा त्यांच्या जागी फोरमन झाला.

दगडूमिस्त्री म्हणजे भला माणूस. कामात त्यांचा हात धरणारा कल्याणात दुसरा नव्हता. पण त्यांना 'नाही' हा शब्द उच्चारता येत नसे. गिऱ्हाईक येवो, मालक येवो, काम कितीही असो, मिस्त्री कानावरची पेन्सिल काढायचे, पुन्हा कानावर ठेवायचे आणि म्हणायचे, "होऊन जाईल." मग वायद्याच्या दिवशी ते माडीवर कागदाच्या रिमांमागे जाऊन बसायचे आणि खाली गिऱ्हाइकाला तोंड गोपीनाथनं द्यायचं. एकदा बाजारपेठेतल्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नपत्रिका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तयार झाल्या. व्यापारी आला, त्यानं पत्रिकांचा गठ्ठा उघडला, वरची एक पत्रिका शांतपणे वाचली आणि म्हणाला, "छान छापलीय. आता नवरदेवाला परत बोलावू का?" सगळे हसले. गोपीनाथला मात्र हसू आलं नाही. त्या माणसाचा चेहरा त्याच्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

तरी फोरमन झाल्यावर तोही बरीच वर्षं मिस्त्रींसारखाच वागला. जुना मॅनेजर स्वतः छापखान्यात वाढलेला होता, तो वायदे जपून द्यायचा. त्यामुळे निभावून गेलं. मग तो मॅनेजर गेला आणि शेठनं सुधीर प्रधान नावाचा नवा माणूस आणला.

प्रधान ठाण्याचे. वय तिशीच्या आत, कपडे पांढरेशुभ्र, बोलणं गोड. मुंबईला एका मोठ्या छापखान्याच्या ऑफिसात त्यांनी काम केलेलं होतं. छापखान्यानं लग्नपत्रिका आणि हँडबिलांवर जगायचं सोडून पुस्तकं छापावीत असं त्यांच्या मनात होतं आणि शेठलाही ते पटलेलं होतं. त्यासाठीच तर शेठनं जुनं का होईना, पण सिलिंडरचं मोठं मशीन घेतलं होतं. त्याच्यावर एका वेळी आठ पानं छापली जायची. बाकी दोन पायानं चालवायची ट्रेडल मशीनं होती, पत्रिका आणि पावत्यांसाठी.

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. लग्नसराई जोरात. खिळे जुळवणारे चौघेही जण 'आमचे येथे श्रीकृपेकरून' याच्यापलीकडे काही जुळवत नव्हते. अशात एका दुपारी प्रधानसाहेब बाहेरून आले ते उन्हानं लाल होऊन, पण आनंदात. हातात जाड पुडकं होतं.

"गोपीनाथ, मिळालं," ते म्हणाले. "डोंबिवलीच्या सरोजबाईंचं भूगोलाचं पुस्तक. त्यांच्या संस्थेच्या सगळ्या शाळांना लागणार आहे. तीन हजार प्रती."

गोपीनाथनं पुडकं उघडलं. अक्षर सुवाच्य होतं. त्यानं अंदाजानं पानं मोजली. छापील सव्वाशेच्या वर जाणार, म्हणजे आठ-आठ पानांचे सोळा फॉर्म.

"कधी द्यायचंय साहेब?"

"शाळा उघडायच्या दिवशी. मी शब्द दिलाय. ठाण्याचा एक छापखाना टपून बसला होता, मी तिथल्या तिथे हो म्हटलं."

शाळा उघडायला तीन आठवडे होते. आजूबाजूला रतन आणि बाकीचे कंपोझिटर हातातला खिळा हातातच ठेवून ऐकत होते. गोपीनाथचा हात आपोआप कानाकडे गेला. 'होऊन जाईल' हे शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले होते. त्यानं ते गिळले.

"साहेब, मला एक दिवस द्या. जमवून बघतो आणि उद्या सांगतो."

"त्यात बघायचं काय? रात्रपाळी लावू. माणसं घ्या दोन जास्त."

"उद्या सांगतो," गोपीनाथ पुन्हा म्हणाला. चारचौघांसमोर साहेबांना नाही म्हणायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नाही कसं म्हणायचं हेही त्याला नीट ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर तो ओट्यावर बसून राहिला. बायको गोदा आत चुलीपाशी सुकट भाजत होती. बराच वेळ झाला तरी हा आत येईना म्हणून ती दाराशी आली.

"काय झाला? तोंड का उतरलाय?"

त्यानं सांगितलं. गोदाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं बोलणं ऐकून ऐकून छापखाना तिला पाठ झाला होता.

"मग सांगा नाय जमत म्हणून," ती म्हणाली.

"नाय म्हटला तर साहेब बोलेल, ठाण्याचा छापखाना करतो, तुलाच कसा जमत नाय?"

"मग काय जमतंय त्ये सांगा. कायतरी जमतंच असंल ना?" एवढं बोलून ती सुकट करपेल म्हणून आत गेली.

गोदा सहज बोलून गेली होती, पण गोपीनाथला तेवढा धागा पुरला. तोवर तो फक्त का जमणार नाही याचीच जुळवाजुळव करत होता. आता काय जमेल याची करू लागला.

दुसऱ्या दिवशी तो लवकर गेला आणि आधी खणांपाशी उभा राहिला. खरी अडचण माणसांची नव्हतीच, खिळ्यांची होती. मराठीत काना लागतो पावलोपावली, आणि छापखान्यात काने होते ते जेमतेम तीन फॉर्मना पुरतील एवढे. एक फॉर्म मशीनवर, एक प्रूफ वाचून यायच्या वाटेवर, एक जुळणीत, की संपले. पहिला फॉर्म छापून, सुटा करून, खिळे खणांत परत आल्याशिवाय चौथा सुरूच होणार नव्हता. रात्रपाळीला दहा माणसं बसवली तरी ती रिकाम्या खणांकडे बघत बसली असती. शिवाय प्रूफं डोंबिवलीला जाऊन वाचून यायची. पत्रिका चालू ठेवून दोन दिवसांत एक फॉर्म पार पडला तर खूप झालं. त्या हिशेबानं सगळं पुस्तक जुलैच्या आत काही होत नव्हतं.

पण पहिले सहा फॉर्म, म्हणजे अठ्ठेचाळीस पानं, शाळा उघडेपर्यंत होऊ शकत होते. शाळेत पहिल्या दिवशी सगळा भूगोल थोडाच शिकवतात?

बांधणीला त्यानं चार दिवस धरले आणि मग, का कोण जाणे, मालनबाईला विचारावं असं त्याला वाटलं. मालनबाई बांधणी खात्याची मुख्य. चार बाया घेऊन ती माडीवर कागदाच्या घड्या घालायची, शिवायची, कव्हरं चिकटवायची.

"चार दिवस?" मालनबाई घडी घालायची हाडाची पट्टी खाली ठेवून म्हणाली. "तीन हजार प्रती. घड्या, जुळणी, शिलाई, कव्हर, कापणी. खळ वाळायला नको? ओली पुस्तकं कापली की कडा फाटतात. मग शिव्या कुणाला? आमाला. सहा दिवस द्या दादा."

"सहा लय होतात."

"तुमी साहेबाला काय सांगायला चाललात? जमत नाय म्हणूनच ना?" मालनबाई हसली. "मग आमाला जमत नाय तेपण ऐका की."

गोपीनाथ ओशाळला. आपण साहेबांना जे म्हणणार, तेच मालनबाईला म्हणू देत नव्हतो हे त्याच्या ध्यानात आलं. "सहा धरतो," तो म्हणाला. "पण छापलेले कागद जसजसे येतील तसतशा घड्या घालायला घ्याल का? सगळे यायची वाट न बघता?"

"ते घेऊ. मग पाच पुरतील."

साहेब आले. गोपीनाथ केबिनीत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

"साहेब, शाळा उघडायच्या दिवशी पूर्ण पुस्तक होणार नाही."

प्रधानांनी मान वर केली. "मी शब्द दिलाय गोपीनाथ."

"म्हणूनच आत्ता सांगतोय. शेवटच्या आठवड्यात सांगितलं असतं तर तुमच्या हातात काही उरलं नसतं. पण अर्धंमुर्धं नाही, नीट शिवलेला, कव्हर घातलेला पहिला भाग त्या दिवशी देतो. अठ्ठेचाळीस पानं. बाकीचं श्रावण लागायच्या आत."

"आणि रात्रपाळी?"

"इकडे या जरा," म्हणून गोपीनाथ त्यांना खणांपाशी घेऊन गेला. कान्याचा खण दाखवला. "हे संपले की माणसं बसवून काय करू?"

"नवे खिळे मागवू मुंबईहून."

"मागवा. पण ओतून यायला वेळ लागेल. दुसऱ्या भागाला उपयोगी पडतील."

प्रधान रागावले होते हे दिसत होतं, पण राग गोपीनाथवर होता की स्वतःच्या घाईवर हे कळत नव्हतं. ते केबिनीत परत आले आणि त्यांनी एकेक गोष्ट खोदून विचारायला सुरुवात केली. दिवसाला किती पानं जुळतात, मशीन तासाला किती काढतं, प्रूफ किती वेळा. गोपीनाथ उत्तरं देत गेला आणि त्यानं दिवसवार लिहून आणलेला कागद पुढे ठेवला.

"हे दोन दिवस कसले मोकळे ठेवलेत?"

"काहीतरी होतंच साहेब. काय होईल ते सांगता येत नाही, पण होतं."

"हे काढा. तेवढ्यात आणखी एक फॉर्म बसेल."

"नाही साहेब. ते काढले तर हाही वायदा खोटा पडेल. त्यापेक्षा दोन गोष्टी तुम्ही माझ्यासाठी करा. येत्या सोमवारपासून नव्या पत्रिका घेऊ नका, आणि बाईंना सांगा की प्रूफ दुसऱ्या दिवशी परत आलं पाहिजे."

प्रधानांनी टेबलावर बोटं वाजवली. मग अचानक थांबले. "आणि नकाशे?"

"कसले नकाशे?"

"भूगोलाचं पुस्तक आहे गोपीनाथ. पहिल्या अठ्ठेचाळीस पानांत चार नकाशे आहेत. त्यांचे ब्लॉक कधी बनणार? ते मुंबईला करून घ्यावे लागतील."

गोपीनाथनं कालपासून अक्षरांचाच विचार केला होता, चित्रं त्याच्या डोक्यात आलीच नव्हती. जस्तावर नकाशा कोरून ठसा बनवणाऱ्या ब्लॉकवाल्याकडे आठवडा सहज गेला असता आणि तो फॉर्म अडकून पडला असता.

"विसरलो," तो म्हणाला.

"मी स्वतः घेऊन जातो उद्या. ओळखीचा माणूस आहे." प्रधानांच्या आवाजातली धार गेली होती. "नकाशांची पानं शेवटच्या फॉर्ममध्ये येतील असं बघता येईल?"

"पानांचा क्रम बाईंच्या हातात आहे."

"मग चला बाईंकडे. तुम्हीही चला. मी एकटा गेलो तर त्या मला उभं करणार नाहीत."

सरोजबाई डोंबिवलीच्या शाळेत हेडमिस्ट्रेस होत्या. सुट्टी असल्यामुळे शाळेत शिपायाखेरीज कुणी नव्हतं. बाकं भिंतीला रचून ठेवलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"प्रधान, काल तुम्ही याच खुर्चीवर बसून हो म्हणालात."

"हो म्हणालो. विचारून म्हणायला हवं होतं, ते केलं नाही."

"आता मी ठाण्याच्या छापखान्याकडे गेले तर?"

प्रधानांनी गोपीनाथकडे पाहिलं. गोपीनाथ उभाच होता. तो म्हणाला, "बाई, तुम्ही जाऊ शकता. त्यांच्याकडे काने जास्त असतील तर ते करतीलही. पण त्यांना एवढं विचारा, की लग्नसराईत किती पानं रोज जुळवणार. नुसतं हो म्हणाले तर मात्र जपून."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "पहिला भाग म्हणजे काय देणार? पुस्तक मधेच तोडणार?"

"तुम्ही म्हणाल तिथे तोडू. पहिल्या तीन महिन्यांत वर्गात काय शिकवता तेवढं पुढे घ्या. पानांचे आकडे सलग ठेवू, म्हणजे दुसरा भाग आला की दोन्ही एकत्र बांधता येतील."

बाईंनी हस्तलिखित पुढे ओढलं. खरं तर धडे त्यांनी शिकवायच्या क्रमानं लिहिलेच नव्हते. पृथ्वीपासून सुरुवात करून गावाशी आणलं होतं. वर्गात त्या उलट जायच्या, आधी गाव, मग तालुका, मग जिल्हा. त्या तिथेच बसून धडे मागेपुढे करू लागल्या. नव्या क्रमातही पहिल्या भागात नकाशे चारच आले; जिल्ह्याचा धडा त्यात शेवटी गेला आणि त्याच्याबरोबर तीन नकाशेही. चौथा, गावाचा, त्यांनी काढूनच टाकला. "तो मुलं स्वतः काढतील," त्या म्हणाल्या.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या, "पहिला भाग शाळा उघडायच्या आदल्या दिवशी. त्याच दिवशी नाही. मला तो वेगवेगळ्या शाळांना पोचवायचा आहे. आणि प्रूफ मी एका दिवसात परत देईन. दुसरा भाग श्रावणाच्या आत म्हणता, ते मी धरून चालते. उशीर होणार असेल तर मला आधी कळलं पाहिजे. नंतरची कारणं मी ऐकत नाही."

दोघं गाडीनं कल्याणला परत आले. स्टेशनाबाहेर प्रधानांनी दोन चहा सांगितले आणि म्हणाले, "एक दिवस आणखी कापला त्यांनी. जमेल?"

"मोकळ्या दोनातला एक गेला," गोपीनाथ म्हणाला.

काम सुरू झालं. पहिले तीन फॉर्म कुरकुर न करता निघाले. चौथ्याला उन्हानं दगा दिला. शाई लावायचे मशीनचे रूळ सरसाचे असतात. त्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली इतकं तापलं की रूळ नरम पडले आणि अक्षरांवर शाईचे गोळे बसू लागले. मशीनमन काळुरामनं मशीन बंद केलं. "चालवला तर रूळ जातील," तो म्हणाला. अर्धा दिवस गेला. दुसऱ्या दिवसापासून गोपीनाथनं छपाई उजाडता उजाडता सुरू करायला लावली आणि दुपारी मशीन झाकून ठेवलं. दुपारच्या वेळात काळुरामही खिळे सुटे करायला बसू लागला. त्याला ते काम आवडत नसे, पण कान्यांसाठी सगळा छापखाना खोळंबतो हे आता सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ब्लॉक प्रधान स्वतः मुंबईहून घेऊन आले. एक नकाशा उलटा कोरला गेला होता. खाडी पूर्वेला आणि डोंगर पश्चिमेला. ते दुसऱ्या दिवशी परत गेले आणि नवा करून घेऊन आले. मोकळा ठेवलेला उरलासुरला वेळ त्यात संपला.

त्या दिवसांत दोन बडी गिऱ्हाइकं पत्रिकांसाठी येऊन गेली. प्रधानांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि दुसऱ्या छापखान्याचा पत्ता दिला. शेठला हे कळलं तेव्हा शेठ चिडले. केबिनीतून त्यांचा आवाज बाहेर येत होता. प्रधान हळू आवाजात काहीतरी समजावत होते. शेठ गेले, पण नव्या पत्रिका पुढेही घेतल्या नाहीत.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी मालनबाईनं शेवटचा गठ्ठा बांधला. हातगाडीवरून गठ्ठे स्टेशनवर गेले, तिथून डोंबिवलीला. गोपीनाथ बरोबर गेला. सरोजबाईंनी एक प्रत काढली, उजेडाकडे धरली, मधलं पान उघडलं. तिसऱ्या धड्यात एक चूक त्यांना तिथेच सापडली.

"ही मीच सोडली प्रूफात," त्या म्हणाल्या आणि प्रत ठेवून घेतली.

दुसऱ्या भागाचं एवढं सरळ झालं नाही. जुलैत हवेत ओल आली, कागद नरम पडला, शाई वाळेना. एका कागदावरची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागू लागली. दोन कागदांमध्ये कोरे कागद घालत बसावं लागलं, त्यात वेळ गेला. गोपीनाथनं हिशेब करून पाहिला, चार-पाच दिवस वर जाणार होते. तो प्रधानांकडे गेला. या वेळी त्यानं दार लोटून घेतलं नाही.

"बाईंना आजच कळवतो," प्रधान म्हणाले.

"मी जातो साहेब. आधी सांगायचं मी कबूल केलंय."

बाई रागावल्या. "श्रावण म्हणाला होतात," एवढं त्या दोनदा म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "नक्की कधी?" त्यानं दिवस सांगितला. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली आणि वर्गावर निघून गेल्या. त्या दिवशी पुस्तकं पोचली. पुढच्या साली त्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकाचं कामही याच छापखान्याला आलं, आणि ते मार्चमध्येच आलं.

यानंतर छापखान्यात फार मोठा बदल झाला असं नाही. प्रधानांचा स्वभाव घाईचा होता तो तसाच राहिला. पण गिऱ्हाईक समोर बसलं आणि वायद्याची गोष्ट निघाली की ते केबिनीच्या दारातून हाक मारायचे. गोपीनाथ शाईचे हात पुसत यायचा, काम बघायचा आणि दिवस सांगायचा. कधीकधी वाद व्हायचा. दोनदा प्रधानांचंच बरोबर निघालं, गोपीनाथनं उगाच जास्त दिवस धरले होते. एकदा प्रधानांनी त्याचं न ऐकता वायदा दिला, आणि ते काम ओढत नेताना सगळ्यांचीच दमछाक झाली. रतन म्हणायचा, "फोरमन झालास का वकील?" पण घरी जायची वेळ झाली की तोही वेळेवर निघायचा.

गोपीनाथ त्या छापखान्यात पुढे बरीच वर्षं होता. शेठनं नवे खिळे मागवले, काने भरपूर झाले. मग कंपोझिटरांना एकदम 'अ' कमी पडू लागले, कारण तालुक्यात अर्ज फार छापले जाऊ लागले. ती गोष्ट तो सांगायचा तेव्हा त्याचे डोळे लुकलुकायचे. गोदा आतून ओरडायची, "आता जेवा. पानं वाढून ठेवलीत." आणि तो म्हणायचा, "आलो, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं कधीच पाच नसायची.